रजिस्टरात आहे ते मला का विचारता?

माझा धाकटा भाऊ १ जून २०२५ला अठ्ठावन्न वर्षांचा झाला. पण कारखान्याच्या कागदावर त्या दिवशी तो पंचावन्नचाच होता. तीस वर्षांपूर्वी कुठल्या तरी ठेकेदाराच्या माणसाने भविष्य निधीचा फॉर्म भरताना १९६७च्या जागी १९७० लिहिलं, आणि ते तसंच पुढे चालत आलं. या निधीची पेन्शन अठ्ठावन्नला सुरू होते. म्हणजे त्या तीन आकड्यांच्या चुकीपायी माझ्या भावाची तीन वर्षांची पेन्शन लांबणार होती. चूक दुरुस्त करायला कामगार आणि मालक या दोघांनी मिळून संयुक्त घोषणापत्र द्यायचं आणि जन्मतारखेचा पुरावा जोडायचा. पुरावा म्हणून दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र चालतं, शाळा सोडल्याचा दाखलाही चालतो. भावाकडे दोन्ही होतं. म्हणजे जुलै २०२४पर्यंत होतं.

त्या जुलैत त्याला ऑफिसातून सांगितलं, मूळ कागद दाखवायला आणा. त्याने आणले, दाखवले, आणि परत बॅगेत घातले. संध्याकाळी बोईसरला गाडी धरली. पाऊस असा की सफाळे सोडलं तसं नदीवरचा पूलही दिसेना. आमच्या वैतरणा स्टेशनात गाडी थांबते ती क्षणभरच. हा झोपेतून दचकून उठला, छत्री घेतली आणि उतरला. बॅग वरच्या फळीवरच राहिली नि विरारला गेली. दुसऱ्या दिवशी विरारला चौकशी केली, डबा विचारला, कोणाला काही माहीत नाही. डबा रिकामा, त्यातली भाकरी कोणाला लागली असेल तर बरंच. पण कागद कोणाच्या उपयोगाचे? तरी ते गेले.

इथपर्यंत चूक आमची. ती मी नाकारत नाही. पण त्यापुढचे नऊ महिने जे झालं त्याबद्दल मला भांडायचं आहे. मी दहावी शिकलेला शेतकरी आहे, कायद्याचं पुस्तक मी वाचलेलं नाही. पण या नऊ महिन्यांत भावाबरोबर हिंडून मला एक गोष्ट समजली, ती भल्याभल्या शिकलेल्यांना कळत नाही असं दिसलं. ती ही की, हरवला तो कागद. त्या कागदावर जे लिहिलं होतं ते हरवलेलंच नव्हतं. ते शाळेच्या रजिस्टरात होतं आणि बोर्डाच्या दप्तरात होतं. आम्हाला नऊ महिने पळवलं ते फक्त ती दोन पानं उघडून घ्यायला.

पहिला फेरा पोलिसांचा. शाळेत गेलो तर क्लार्क म्हणाला, "आधी एफआयआर आणा काका." एका ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाला, "कुठे हरवलं?" गाडीत. "मग रेल्वे पोलिसांकडे जा." रेल्वे पोलिसांकडे गेलो. ते म्हणाले, "एफआयआर होणार नाही." आता यात तो हवालदार चुकला नाही हे मला नंतर कळलं. एफआयआर गुन्ह्याची होते. कागद चोरीला गेला असेल तर गुन्हा. विसरून राहिला तर तो गुन्हा नाही, ती गहाळ झाल्याची नोंद. ती नोंद पोलीस करतात आणि तिचा दाखला देतात. चुकलं ते एफआयआर हा शब्द सांगणाऱ्याचं. त्याला हवा होता गहाळ नोंदीचा दाखला आणि त्याने मागितली एफआयआर. एका शब्दापायी भावाचे तीन खाडे झाले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिसऱ्या दिवशी ठाण्याबाहेर एक जण हळूच म्हणाला, "चोरीला गेली म्हणून लिहा ना, लगेच होईल." म्हणजे खरं बोलणाऱ्याने खरा कागद मिळवायला आधी खोटं लिहायचं! भावाने लिहिलं नाही. तो म्हणाला, "दादा, पेन्शनसाठी मी कोणावर चोरीचा आळ नाही घेणार."

दुसरा फेरा शाळेचा. गहाळ नोंदीचा दाखला घेऊन गेलो तेव्हा नशिबाने मुख्याध्यापक बाई स्वतः होत्या. त्यांनी कपाट उघडलं. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक पोराची नोंदवही. त्यात रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला, का गेला, सगळं एका ओळीत असतं. हे रजिस्टर शाळेने कायम जपून ठेवायचं असतं. बाईंनी वर्ष विचारलं, पानं उलटली आणि पाच मिनिटांत बोट ठेवलं. भावाचं नाव, १ जून १९६७, आणि शेजारी आमच्या बापाची सही. बाप जाऊन बरीच वर्षं झाली. ती वाकडी सही बघून भाऊ काही बोलला नाही, मीही नाही.

१ जूनची गंमत सांगायला हवी. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा. आई सांगायची, "हा झाला तेव्हा खळ्यावर झोडणी चालली होती." म्हणजे दिवाळीनंतरचा असणार. पण शाळा जूनमध्ये सुरू होते, गुरुजींना वय बसवायचं होतं, म्हणून त्यांनी जून लिहिला. तेव्हा रजिस्टरात लिहिलेलं म्हणजे देवाचं वाक्य असं मी मानत नाही. पण त्यावरच बोर्डाचं प्रमाणपत्र निघालं, त्यावरच नोकरी लागली. सगळ्यांनी मान्य केलेली नोंद ती एवढीच. प्रत मागायची तर तिचीच. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुसरी प्रत म्हणजे दुरुस्ती नव्हे. रजिस्टरात आडनावाची वेलांटी चुकली असेल तर प्रतीतही ती चुकीचीच येणार. दुरुस्तीचा अर्ज वेगळा, रस्ता वेगळा. दोन्ही एकात घालायला गेलात की दोन्ही अडकतात.

बाईंनी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत दिली आणि वर लाल शाईने तसं लिहिलं. मग त्यांनी न मागता आणखी एक काम केलं, आणि खरं तर त्यामुळेच पुढचं जमलं. बोर्ड दर वर्षी शाळेला निकालाचा तक्ता पाठवतं. मार्च १९८३चा तक्ता त्यांनी काढला आणि भावाचा आसन क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून दिला. "हा नंबर हरवू नका. कागद हरवला तरी चालेल," त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाई, हे आम्हाला चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

माझा त्या क्लार्कशी वाद आहे तो इथे. जे पान पाच मिनिटांत उघडलं, ते पहिल्याच दिवशी उघडायला काय हरकत होती? पोलिसांचा दाखला प्रत देण्यासाठी हवा असेल, मान्य. पण नोंद आहे की नाही हे बघायला पोलीस कशाला? आधी नोंद बघा, आसन क्रमांक द्या, मग सांगा अमुक कागद आणा. आमच्याकडे उलटी रीत. आधी पळा, मग बघू. महिनाभर पळून आल्यावर कळायचं की रजिस्टर वाळवीने खाल्लंय, तर त्या माणसाने काय करायचं?

तिसरा फेरा प्रतिज्ञापत्राचा. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्याने सांगितलं, "स्टॅम्प पेपर लागेल, पाचशेचा." ऑक्टोबर २०२४मध्ये सरकारने शंभराचे स्टॅम्प पाचशेवर नेले, त्याच्या नंतरची ही गोष्ट. भावाने मुकाट पाचशे काढले. टाइप करायचे वेगळे, तिकीट लावायचं वेगळं. पुढे एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा असे दाखले काढायला किंवा सरकारी कार्यालयात आणि कोर्टात दाखल करायला जे प्रतिज्ञापत्र लागतं, त्यावरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्र सरकारने १ जुलै २००४च्या आदेशाने माफ केलेलं आहे. साध्या कागदावर लिहिलेलं चालतं. वीस वर्षं झाली! आणि २०१५च्या मार्चमध्ये आणखी एक शासन निर्णय निघाला की, ज्या ठिकाणी कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सांगितलेलं नाही तिथे स्वतःच्या सहीचं घोषणापत्र घ्यावं, आणि नक्कल प्रतीवर दुसऱ्याची सही-शिक्का मागण्याऐवजी अर्जदाराची सही चालवावी. हे दोन्ही आदेश आहेत, आणि तरी टेबलावरचा स्टॅम्पांचा गठ्ठा काही कमी होत नाही. कारण खिडकीतला माणूस "स्टॅम्प पेपरवर आणा" म्हणतो, बाहेरचा विकतो, आणि आमच्यासारखा रांगेतला माणूस आदेशाचा नंबर विचारत नाही. त्याला गाडी पकडायची असते.

चौथा फेरा वाशीचा. पालघर जिल्हा ऑगस्ट २०१४मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, पण दहावीच्या बोर्डासाठी आम्ही आजही मुंबई विभागातच, आणि त्या विभागाचं कार्यालय वाशीला. वैतरण्याहून विरार, विरारहून दादर, दादरहून कुर्ला, कुर्ल्याहून वाशी. पहाटेची गाडी धरली तर खिडकी उघडायच्या वेळेला पोचतो. अर्ज बोर्डाच्या ठरलेल्या नमुन्यात, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने, सोबत पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि फी. खिडकीवरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "आसन क्रमांक आहे?" भावाने खिशातली चिठ्ठी काढली. त्या माणसाचा चेहराच बदलला. म्हणाला, "मग काम झालं समजा. नंबर नसला की शाळेच्या नावावरून शोधायचं, त्यात दिवस जातात."

भावाची मुलगी २०१२ला दहावी झालेली. तिने मला विचारलं, "मोठे काका, एवढं वाशीला कशाला गेलात? माझं तर मोबाइलवर निघालं." तिचं बरोबर आहे. बोर्डाने १९९०पासूनची गुणपत्रकं संगणकावर घातली आहेत, ती डिजिटल सहीसकट काढता येतात. डिजीलॉकरमधून आलेला कागद मूळ कागदाइतकाच धरावा असा केंद्राचा नियमही २०१७पासून आहे. पण तिचा बाप १९८३चा. त्याचं पान अजून कागदावरच. म्हणजे ज्यांना आता पेन्शनसाठी कागद लागतो ती सगळी पिढी नेमकी संगणकाच्या अलीकडे राहिली.

बोर्डाबद्दल मला तक्रार नाही, हे मी मुद्दाम लिहितो. अर्ज पुरा होता, नंबर बरोबर होता, काही आठवड्यांत प्रमाणपत्र हातात आलं. जानेवारी २०२५. भावाने त्याला हळदीकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. आम्हाला वाटलं, वैतरणी पार झाली. गाईची शेपटी धरून इकडच्या काठाला लागलो.

पण कुठलं! कारखान्याच्या ऑफिसातल्या मुलीने प्रमाणपत्र हातात घेतलं, वरचा शिक्का वाचला आणि म्हणाली, "काका, हे तर डुप्लिकेट आहे."

आता या शब्दाचं काय करावं? इंग्रजीत त्याचा अर्थ दुसरी प्रत. आमच्या बाजारात त्याचा अर्थ खोटा माल. डुप्लिकेट तेल, डुप्लिकेट बियाणं, डुप्लिकेट खत. मी स्वतः डुप्लिकेट बियाण्यापायी एक खरीप घालवलंय. तेव्हा त्या मुलीला मी दोष देत नाही. पण बोर्डाने स्वतःच्या दप्तरातून, स्वतःच्या सहीने दिलेल्या कागदावर जो शिक्का मारला, तोच शिक्का पुढच्या टेबलावर त्या कागदाचा गुन्हा ठरतो. मराठीत साधं "द्वितीय प्रत, मूळ नोंदीप्रमाणे" असं ठळक लिहिलं तर काय बिघडेल?

साहेब म्हणाले, "बोर्डाकडून पडताळणी करून आणा." भाऊ म्हणाला, "साहेब, हे बोर्डानेच दिलंय. पुन्हा बोर्डाला काय विचारू?" साहेब म्हणाले, "तुम्ही म्हणता बोर्डाने दिलं. आम्हाला कसं कळणार?"

यावर मी बराच विचार केला. माझा पहिला राग असा होता की साहेब अडवतात. पण त्यांचा प्रश्न खोटा नाही. ते मला लवकरच दिसलं. त्याच आठवड्यात बोईसरच्या नाक्यावर भावाला एक एजंट भेटला. म्हणाला, "वाशी-बिशी सोडा. पाच हजार द्या, दोन दिवसांत ओरिजिनल देतो. डुप्लिकेटचा शिक्काच नाही." त्याने नमुना दाखवला. भावाने मला सांगितलं, "दादा, माझ्या खऱ्यापेक्षा त्याचं खोटं जास्त खरं दिसत होतं." कागद जाड, चिन्ह ठसठशीत, वर प्लास्टिक चढवलेलं. प्लास्टिक चढवण्यातही चलाखी आहे. लॅमिनेशन केलं की कागद बोटाला लागत नाही, शाई तपासता येत नाही, मागची बाजू नीट दिसत नाही. आपणही आपले खरे कागद जपण्यासाठी लॅमिनेट करतो आणि तपासणाऱ्याची वाट बंद करतो.

तेव्हा खोटे कागद आहेत, आणि ते खऱ्याहून देखणे असतात. मग डोळ्यांनी बघून, शिक्का बघून, सही बघून कोणालाच काही कळणार नाही. कळतं ते एकाच गोष्टीने. कागदावरचा आसन क्रमांक घ्यायचा आणि बोर्डाच्या दप्तरात त्या क्रमांकासमोर कोणाचं नाव आहे ते बघायचं. एजंट कागद छापील, शिक्का कोरील, पण मार्च १९८३च्या दप्तरात जाऊन ओळ घालू शकणार नाही. शाळेच्या तक्त्यातही तोच क्रमांक, तेच नाव, तेच गुण असतात. दोन ठिकाणी जुळलं तर कागद खरा, मग तो मळका असो की लाल शिक्क्याचा. जुळलं नाही तर खोटा, मग तो सोन्याचा का असेना.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. पडताळणी करा. पण पडताळणी म्हणजे काय हे आधी समजून घ्या. ज्याला शंका आहे त्याने, ज्याने कागद दिला त्याला, सरळ विचारायचं. मधे कागदवाला नको. साहेबांनी काय केलं? भावाला सांगितलं, "तुम्हीच पडताळणी करून आणा." म्हणजे ज्याच्यावर शंका, त्याच्याच हाती उत्तर आणायला दिलं! माझा भाऊ सज्जन आहे म्हणून तो वाशीला गेला. तो लबाड असता तर त्याच नाक्यावरच्या एजंटाकडून पडताळणीचं पत्रही छापून आणलं असतं. ज्याने प्रमाणपत्र छापलं त्याला पत्र छापायला किती वेळ लागणार? अशा पडताळणीने खोट्याला काही अडचण नाही, खऱ्याचे तेवढे खाडे होतात.

वाशीला खिडकीवर हेच सांगितलं. "तुमच्या कंपनीला पत्र लिहायला सांगा. त्यांच्या लेटरहेडवर, सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि पडताळणीची फी. उत्तर आम्ही त्यांना पाठवू." बरोबर आहे ना? अशीच पद्धत असते. विचारणारं कार्यालय लिहितं, बोर्ड आपल्या नोंदीशी क्रमांक, नाव, गुण ताडून बघतं आणि जुळतं की नाही ते विचारणाऱ्याला कळवतं. भाऊ परत आला, साहेबांना सांगितलं. पत्र निघायला महिना लागला, कारण ते कोणाचं काम हेच ऑफिसात ठरत नव्हतं. एप्रिलमध्ये उत्तर आलं, जुळतं म्हणून. ते उत्तर भावाने बघितलंही नाही, आणि तसंच असायला हवं.

कोणी म्हणेल, ही दहावीच्या कागदाची गोष्ट, यात एवढं काय. तर आमच्या जिल्ह्यातल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, काथोडी घरांत जाऊन विचारा. तिथे जातीचा दाखला असतो आणि वर त्याच्या वैधतेचं प्रमाणपत्र लागतं. त्याची तपासणी समिती पुराव्याला आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मागते. म्हणजे पुन्हा तेच जनरल रजिस्टर. पण तिथे एक गोष्ट कायद्याने नीट ठेवलेली आहे. १९९४मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंका असेल तर समितीच्या दक्षता पथकाने स्वतः गावात आणि शाळेत जाऊन चौकशी करावी. पुढे महाराष्ट्राने त्यासाठी कायदाही केला. तिथेही माणसं वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात, ते मला माहीत आहे. पण निदान तत्त्व तरी मान्य आहे की शंका सरकारची, तर रजिस्टरापर्यंत पायही सरकारने झिजवावेत. जे जातीच्या दाखल्याला जमतं ते एका पत्रापुरतं पेन्शनीच्या कागदाला का जमू नये?

प्रतिज्ञापत्राच्या बाजूने एक युक्तिवाद मी ऐकला आहे. तहसील कचेरीतच एकाने मला सुनावलं, "काका, शपथेवर लिहून घेतलं की माणूस घाबरतो. उद्या कागद खोटा निघाला तर त्याला धरता येतं." धरता येतं हे खरं. पण घाबरतो कोण? माझा भाऊ सही करताना घाबरला. "मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की" हे वाचून त्याचा हात थांबला, कारण बॅग फळीवर राहिली की सीटखाली, हे त्याला नक्की आठवेना. नाक्यावरचा एजंट दिवसाला दहा शपथा घेईल आणि वर चहा पिईल. शपथ खऱ्या माणसाला जड आणि खोट्याला हलकी. मग तिच्या भरवशावर तुम्ही खोटं कसं थांबवणार? ते रजिस्टरच थांबवतं. तेव्हा शपथ घ्यायचीच तर साध्या कागदावर घ्या, जसं २००४पासून सरकारच म्हणतं आहे, आणि खरा वेळ रजिस्टर बघण्यात घाला.

मी हिशेब मांडला. भावाचे नऊ खाडे, स्टॅम्प आणि टायपिंग, वाशीचे तीन फेरे, आणि दुरुस्ती वेळेवर न झाल्यामुळे पेन्शनीचा अर्ज जूनऐवजी सप्टेंबरात गेला. या सगळ्यात रजिस्टर उघडण्याचं खरं काम किती? शाळेत पाच मिनिटं, बोर्डात दोन वेळा. बाकी सगळा वेळ एका टेबलाने दुसऱ्या टेबलावर विश्वास न ठेवण्यात गेला, आणि त्याचं भाडं आम्ही भरलं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. शाळेने पहिल्याच दिवशी रजिस्टर उघडावं आणि आसन क्रमांक लिहून द्यावा. मागायचा तो गहाळ नोंदीचा दाखला मागावा, एफआयआर नाही. कचेरीच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावावी की प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागत नाही. आणि ज्याला शंका येईल त्याने आपल्या पत्राने, आपल्या फीने, कागद देणाऱ्याला विचारावं. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. अर्ज दिलात तर तारखेची पोच मात्र सोडू नका. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यात जी सेवा अधिसूचित आहे, ती ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि विनाकारण अडवणाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड आहे. पण पोच नसेल तर तुम्ही कधी आला होतात हेच सिद्ध होत नाही. आम्ही पहिल्या दोन फेऱ्यांची पोच घेतली नव्हती.

बॅग काही सापडली नाही. आमच्या घरात भावाची एक पत्र्याची पेटी आहे, ज्यात सगळ्यांचे कागद असतात. मी तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने घरातल्या सगळ्यांचं लिहून ठेवलं आहे. शाळेचं नाव, जनरल रजिस्टर नंबर, दहावीचा महिना-वर्ष, आसन क्रमांक. माझा, भावाचा, बहिणींचा, पोरांचा. बहिणींचे नंबर घ्यायला मी दोन शाळांत जाऊन आलो. एका शाळेत लगेच दिला. दुसऱ्या शाळेत क्लार्क म्हणाला, "कागद हरवलाय का? मग आधी एफआयआर आणा." मी म्हटलं, "हरवला नाही. हरवायच्या आधी आलोय." तो गोंधळला, आणि त्या गोंधळात त्याने रजिस्टर उघडलं.